कोणीच न लिहिलेली वही

चाहता : कालप्रवासाच्या गोष्टींत तीन वेगवेगळे पेच येतात आणि प्रेक्षक बहुधा त्यांना एकाच पिशवीत टाकतो. पहिला आजोबांचा. नातू भूतकाळात जाऊन आजोबांना त्यांच्या लग्नाआधीच ठार करतो, मग नातू जन्मला कसा? हा उघड व्याघात आहे, कारण एकच घटना घडली आणि घडली नाही, अशी दोन्ही विधाने एकदम खरी मानावी लागतात. दुसरा पेच बूटस्ट्रॅपचा. एखादी वस्तू किंवा माहिती भविष्यातून मागे येते, वर्षे काढत पुन्हा त्याच भविष्यात पोचते आणि तिथून परत मागे पाठवली जाते. ती मुळात तयार कुठे झाली, याचे ठिकाण कुठेच सापडत नाही. तिसरा प्रीडेस्टिनेशनचा, म्हणजे आधीच ठरलेल्या घटनेचा. भूतकाळ बदलायला निघालेला माणूस आपल्याच धडपडीने तो जसा होता तसा घडवून ठेवतो. या शेवटच्या दोन पेचांत व्याघात नाही. घटना एकेक करून तपासल्या तर कुठलीही घटना दुसरीला खोटी पाडत नाही.

शंकेखोर : व्याघात नसेल तर त्यांना विरोधाभास तरी का म्हणायचे? संशय असा येतो की ही लेखकाची पळवाट आहे. नायकाला यंत्राचा आराखडा हवा असतो, तो कसा सुचला हे लेखकाला दाखवता येत नाही, म्हणून म्हातारा नायक येऊन तरुण नायकाच्या हातात आराखडा ठेवतो. काम झाले आणि वर गूढतेचे श्रेयही मिळाले. हा प्रकार विचार करण्याजोगा आहे असे मानायचे असेल, तर निदान एक गोष्ट अशी हवी जिच्यात लेखकाने वर्तुळ काळजीपूर्वक बांधले आहे आणि उणीव झाकलेली नाही.

चाहता : तशी गोष्ट या पेचाला नाव देणारीच आहे. रॉबर्ट हाइनलाइनची ‘बाय हिज बूटस्ट्रॅप्स’ ही दीर्घकथा 1941 साली ‘अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन’ मासिकात अ‍ॅन्सन मॅक्डोनल्ड या टोपणनावाने छापून आली. बॉब विल्सन नावाचा विद्यार्थी खोलीत बसून प्रबंध पुरा करतो आहे. मागे हवेत एक गोल दार उघडते आणि त्यातून एक माणूस येऊन त्याला पलीकडे चलण्याचा आग्रह करतो. तेवढ्यात तिसरा येतो आणि जाऊ नको म्हणतो. झटापट होते आणि विल्सन दारातून पलीकडे, सुमारे तीस हजार वर्षे पुढच्या काळात जाऊन पडतो. नंतर कळते की आग्रह करणारा आणि अडवणारा, दोघेही विल्सनच होते, थोड्या पुढच्या वेळचे. पलीकडे त्याला डिक्टर नावाचा वयस्क, अधिकारी माणूस भेटतो. विल्सन त्याच्यावर कुरघोडी करायची ठरवतो, त्याची एक वही उचलतो आणि दारातूनच त्या काळाच्या दहा वर्षे मागे जातो. वहीत त्या काळच्या लोकांच्या भाषेतले शब्द आणि त्यांचे इंग्रजी अर्थ आहेत. तिच्या आधाराने तो भाषा शिकतो आणि त्या मवाळ लोकांचा प्रमुख होऊन बसतो. वर्षे जातात, वही वापरून जीर्ण होते, म्हणून तो तिची नक्कल दुसऱ्या, कोऱ्या वहीत उतरवतो. मग एके दिवशी दारातून गोंधळलेला तरुण विल्सन बाहेर पडतो, आणि आपणच डिक्टर आहोत हे प्रौढ विल्सनला उमगते.

शंकेखोर : वहीची नक्कल केली, हा तपशील लेखकाने सहज घातला की मुद्दाम?

चाहता : मुद्दामच, आणि कथेची सगळी ताकद त्यातच आहे. कागदाचा प्रवास पाहिला तर तो सरळ आहे. कोरी वही कारखान्यात तयार झाली, विल्सनकडे आली, तिच्यात नक्कल उतरली, मग ती तरुण विल्सनने पळवली, दहा वर्षे मागे गेली, वापरून फाटली आणि संपली. तिला आरंभ आहे आणि अंतही. वर्तुळात फिरते ती फक्त शब्दांची यादी. जुन्या वहीतून नव्या वहीत आणि नवी हीच पुढे जुनी, असा तिचा फेरा आहे. प्रौढ विल्सनलाही हेच कोडे पडते. कागद कुठून आला हे त्याला नीट सांगता येते, पण शब्द पहिल्यांदा जमवले कोणी? त्याने ते लोकांना विचारून टिपले नाहीत, वहीतून पाठ केले. वहीत ते त्यानेच लिहिले, पण वहीतूनच पाहून.

शंकेखोर : मग वस्तू फिरवणाऱ्या गोष्टी यापुढे भोळ्या ठरतात. ‘समव्हेअर इन टाइम’ या 1980 च्या चित्रपटात तसेच एक घड्याळ आहे. 1972 साली एक वृद्ध अभिनेत्री तरुण नाटककाराच्या हातात खिशातले घड्याळ ठेवते आणि निघून जाते. आठ वर्षांनी तो मनाच्या जोरावर 1912 मध्ये पोचतो, ती अभिनेत्री तरुण असताना तिच्या प्रेमात पडतो आणि परत फेकला जाताना घड्याळ तिच्यापाशी राहते. ती ते साठ वर्षे जपते आणि 1972 मध्ये त्याला देते. चित्रपट म्हणून हे गोड आहे, पण हिशेब करून पाहावा. तिच्याकडे साठ वर्षे आणि त्याच्याकडे आठ, म्हणजे एका फेरीत घड्याळ अडुसष्ट वर्षे झिजते. 1912 मध्ये तिच्या हाती आले तेव्हा त्याच्यावर जितके ओरखडे होते, फेरी पुरी करून पुन्हा 1912 मध्ये पोचताना अडुसष्ट वर्षांचे ओरखडे वाढलेले असणार. पण ही दोन वेगळी आगमने नाहीत, एकच आहे. एकाच क्षणी तेच घड्याळ कमी झिजलेलेही आणि जास्त झिजलेलेही. इथे तर आजोबांच्या पेचासारखाच व्याघात निघाला! बूटस्ट्रॅपमध्ये व्याघात नसतो, हा दावा वस्तूंच्या बाबतीत टिकत नाही.

चाहता : आक्षेप बरोबर आहे आणि भौतिकशास्त्रज्ञांनीही तो मांडला आहे. रशियन शास्त्रज्ञ इगोर नोविकोव्ह आणि त्यांचे सहकारी आंद्रेई लॉसेव्ह यांनी 1992 साली अशा वस्तूंवर निबंध लिहिला. कोणी न घडवलेल्या या वस्तूंना त्यांनी अरबी कथांतल्या जिनांचे नाव दिले. त्यांच्या मांडणीत जिन दोन प्रकारचे आहेत. पहिल्या प्रकारात वस्तूच फिरते, दुसऱ्यात फक्त माहिती. पहिल्या प्रकारच्या जिनाने फेरी पुरी होण्याआधी तंतोतंत मूळ अवस्थेत यायला हवे, आणि झिजलेली वस्तू आपोआप नवी होत नाही. बाहेरून ऊर्जा आली, कोणी तिची डागडुजी केली, तरच ते जमेल. एखाद्या अणूला हे सहज जमावे, कारण अणूला ओरखडे पडत नाहीत. घड्याळासाठी मात्र प्रत्येक चाक, प्रत्येक डाग जुळवावा लागेल. म्हणून चित्रपट पाहताना पहिली कसोटी हीच लावावी : फिरते आहे ते काय, वस्तू की मजकूर? वस्तू असेल तर तिची झीज कुठे भरून निघते? हाइनलाइनने ही अडचण नक्कल करवून आधीच मिटवली होती. ‘डार्क’ या जर्मन मालिकेत टानहाउस नावाच्या घड्याळजीला स्वतःच्या नावावरचे पुस्तक लिहिण्याआधीच हातात मिळते. तिथेही पेच पुस्तकाच्या पुठ्ठ्याचा नाही, आतल्या मजकुराचा आहे.

शंकेखोर : मजकुराला ओरखडे पडत नाहीत, मान्य. पण त्यामुळे अडचण मिटत नाही, वेगळ्या जागी सरकते. शब्दकोश म्हणजे कष्टाने जमवलेले ज्ञान. कोणीतरी लोकांत बसून, बोट दाखवून, चुका करत एकेक शब्द मिळवतो तेव्हा तो तयार होतो. इथे तो कष्ट न घेता आयता मिळाला. प्रत्येक पानामागे कारण आहे : हे पान त्या पानावरून उतरवले, ते या पानावरून. पण सगळ्या वर्तुळामागे काय? तिथे उत्तर शून्य. कोंबडी आधी की अंडे आधी या वादातही निदान उत्क्रांतीने उत्तर दिले, इथे मागे जायला जागाच नाही.

चाहता : तत्त्वज्ञ डेव्हिड लुईस यांनी 1976 च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात हे शून्य मान्य केले आहे. त्यांचे म्हणणे असे की वर्तुळातल्या प्रत्येक घटनेला कारण असते, सगळ्या वर्तुळाला मिळून मात्र नसते, आणि ही विचित्र अवस्था एकट्या कालप्रवासाच्या वाट्याला आलेली नाही. विश्वाचा महास्फोट का झाला याचे उत्तर नसेल, किंवा कारणांची माळ अनंत मागे जात असेल, तरी तेच होते. विचित्र आहे म्हणून अशक्य आहे, असे होत नाही.

शंकेखोर : लुईसचे हे उत्तर जरा झटपट झाले. महास्फोटाला कारण नाही असे म्हणणे वेगळे आणि बरोबर अर्थ लावणारा शब्दकोश कारणाशिवाय मिळाला म्हणणे वेगळे. महास्फोटाकडून कोणी परकी भाषा शिकत नाही. वहीतले शब्द खरोखर त्या लोकांच्या तोंडचे आहेत. वहीत खोटे शब्द असते तर? किंवा वही कोरीच असती तर? कोऱ्या वहीची नक्कल केली तर कोरीच वही मिळते, म्हणजे तेही वर्तुळ निर्दोष जुळते. मग भरलेली वहीच का मिळाली?

चाहता : या प्रश्नावर थोडे रेंगाळायला हवे. कोरी वही खरोखर जुळते का? विल्सनच्या हाती कोरी वही आली असती तर तो त्या लोकांत राहून, ऐकून, हळूहळू शब्द टिपत गेला असता. दहा वर्षांनी वही भरली असती. मग तरुण विल्सनने भरलेली वही पळवली असती. म्हणजे आलेली वही कोरी आणि गेलेली भरलेली, हे जुळत नाही. आता वहीत दहा शब्द चुकीचे होते असे धरू. विल्सन रोज ते लोकांशी बोलताना वापरतो, लोक गोंधळतात, तो चूक दुरुस्त करतो, नव्या नकलेत दुरुस्त शब्द जातो. पुन्हा आलेली वही एक, गेलेली वही दुसरी. जुळते ती फक्त अशी वही, जिच्यात दुरुस्त करण्यासारखे काही उरलेलेच नाही. म्हणजे सुसंगतीची अट एकटीच खोट्या वह्यांना बाद करते आणि खऱ्या शब्दकोशापाशी येऊन थांबते. शब्द जमवणारा कोणी नाही हे खरे, पण शब्द बरोबर का आहेत याचे उत्तर आहे : वर्तुळाबाहेर ती भाषा बोलणारे लोक आहेत आणि विल्सन रोज वहीची त्यांच्याशी पडताळणी करतो.

शंकेखोर : म्हणजे पडताळणीचे साधन जिथे नाही तिथे हे उत्तर लंगडे पडते. तरुण संगीतकाराला भविष्यातून स्वतःच्याच सिंफनीची स्वरलिपी मिळाली आणि त्याने ती निमूट उतरवून काढली, तर कुठलीही सुरावट तितकीच जुळेल. चांगली जुळेल, भिकारही जुळेल. स्वरांना चूक ठरवणारे वर्तुळाबाहेर कोणी नाही. तिथे ही सिंफनी हीच का, याला काही उत्तर उरत नाही.

चाहता : तिथे नाहीच. म्हणून बूटस्ट्रॅपच्या गोष्टींत ही दुसरी कसोटी लावण्यासारखी आहे. फिरणारा मजकूर जगाशी ताडून पाहता येतो का? गणिताची सिद्धता, औषधाची कृती, यंत्राचा आराखडा ताडता येतो, कारण चुकीचे यंत्र चालत नाही. कविता, सुरावट, प्रेमपत्र ताडता येत नाही. पहिल्या प्रकारात वर्तुळ न सुटलेले गणित सोडवून देणारे साधन होते. संगणकशास्त्रात अशा कालवर्तुळाची गणनशक्ती किती असेल याचा गंभीर अभ्यास झाला आहे. दुसऱ्या प्रकारात मात्र ते निव्वळ लहरी उरते.

शंकेखोर : पण या सगळ्या मांडणीत विल्सनला काय मोकळीक राहिली? तो दुरुस्ती करील म्हणून दुरुस्तीची गरजच असू शकत नाही. तो नक्कल करील म्हणून नक्कल व्हायलाच हवी. एखाद्या सकाळी वैतागून त्याने वही शेकोटीत टाकली तर? इथे दुसरा पेच संपून तिसरा, प्रीडेस्टिनेशनचा, सुरू होतो. ‘ट्वेल्व्ह मंकीज’ या चित्रपटातला कोल लहानपणी विमानतळावर एका माणसाला गोळी लागताना पाहतो, आणि शेवटी तोच माणूस ठरतो. त्याला वाचायची खूप इच्छा आहे, पाय धड आहेत, डोके शाबूत आहे. मग त्याला अडवते कोण? प्रत्येक वेळी योगायोगाने बंदूक अडकते, दार उशिरा उघडते, हे विश्वाने रचलेले कारस्थान वाटते.

चाहता : लुईसचे यावरचे उत्तर जास्त टिकाऊ आहे. त्यांच्या उदाहरणातला टिम आजोबांना मारू शकतो का? बंदूक आहे, नेम चांगला आहे, आजोबा समोर आहेत. या गोष्टी मोजल्या तर शकतो. आजोबा पुढे वर्षानुवर्षे जगले, हीही गोष्ट मोजली तर शकत नाही. ‘शकतो’ हे नेहमी कशाच्या तरी संदर्भातच खरे किंवा खोटे असते आणि दोन्ही उत्तरे आपापल्या संदर्भात खरी आहेत. टिमला अडवायला विश्वाला पोलीस लागत नाहीत. तो अपयशी ठरतो कारण पाय घसरतो, मन बदलते, भलताच माणूस मारला जातो. असली अपयशे रोज घडतात आणि त्यांना कोणी नियती म्हणत नाही. ‘हॅरी पॉटर अँड द प्रिझनर ऑफ अझ्कबान’मध्ये हीच गोष्ट सुखाच्या बाजूने येते. तळ्यापलीकडून कोणीतरी मंत्र टाकून हॅरीला वाचवतो. ते आपले मृत वडील असावेत अशी हॅरीची समजूत होते. काही तास मागे गेल्यावर तो तळ्याकाठी त्यांची वाट पाहत उभा राहतो, कोणी येत नाही, आणि मग त्याला कळते की तो माणूस आपणच. मंत्र त्याला जमतो, कारण तो जमल्याचे त्याने आधीच पाहिलेले असते. कोणी त्याचा हात धरून मंत्र म्हणवून घेत नाही; त्या क्षणी त्याला तेच करायचे असते.

शंकेखोर : हॅरीला जे करायचे तेच घडले म्हणून ते सोपे वाटते. शिवाय त्याला मंत्र जमतो तो जमला हे पाहिल्यामुळे, म्हणजे आत्मविश्वासाचाच बूटस्ट्रॅप झाला. आणि लुईसचे पाय घसरणे एकदा चालेल. हजार नातवांनी हजार वेळा प्रयत्न केला आणि हजार पाय घसरले, तर त्याला योगायोग म्हणता येणार नाही. अशी वर्तुळे निसर्गात बसतात की नाहीत, हे माणसाच्या मनाबाहेर काढून, निव्वळ चेंडूंवर दाखवता येईल का?

चाहता : नेमके हेच केले गेले. वर्महोल म्हणजे अवकाशातला बोगदा. त्याची एक बाजू दुसरीपेक्षा काळाने मागे असेल तर एका तोंडात शिरलेला चेंडू दुसऱ्या तोंडातून आत शिरण्याआधीच बाहेर पडतो. जोसेफ पोल्चिन्स्की यांनी किप थॉर्न यांना प्रश्न टाकला : चेंडू असा सोडला की बाहेर आलेला चेंडू आपल्याच आधीच्या रूपाला धडकून त्याला बोगद्यापासून दूर उडवील, तर? हा आजोबांचाच पेच, आजोबा वगळून. थॉर्न आणि त्यांचे विद्यार्थी एचेव्हेरिया व क्लिंकहॅमर यांनी 1991 साली त्याचा हिशेब प्रसिद्ध केला. उत्तर असे निघाले की चेंडूला जोराचा नव्हे, ओझरता धक्का बसतो. त्यामुळे तो जरा वेगळ्या कोनात बोगद्यात शिरतो, म्हणून जरा वेगळ्या कोनात बाहेर येतो, आणि म्हणूनच त्याचा धक्का ओझरता बसतो. सगळे जुळले. चेंडूला इच्छा नाही, कारस्थान नाही, तरी व्याघात झाला नाही.

शंकेखोर : ‘म्हणून’ आणि ‘म्हणूनच’ यांनी इथेही वर्तुळ पुरे केलेले आहेच.

चाहता : हो, आणि त्याच हिशेबात एक आणखी बोचरी मांडणी आहे. चेंडू दोन तोंडांच्या मधून सरळ जाईल असा सोडला. एक उत्तर साधे : तो सरळ निघून जातो. दुसरे उत्तर असे : मधोमध पोचताच डाव्या तोंडातून एक चेंडू येऊन त्याला उजव्या तोंडात ढकलतो, तो बोगद्यातून मागे जाऊन डाव्या तोंडातून बाहेर पडतो, स्वतःलाच ढकलतो आणि निघून जातो. गतीचे नियम दोन्ही उत्तरांना चालतात. दुसऱ्यात चेंडू बोगद्यात शिरला कारण तो शिरला होता. प्रीडेस्टिनेशन आणि बूटस्ट्रॅप एकाच धडकेत. अनेक मांडण्यांत तर अशी सुसंगत उत्तरे अनंत निघतात.

शंकेखोर : मग नेहमीचे भौतिकशास्त्र गेलेच म्हणायचे! चेंडू कुठून कसा सोडला हे सांगितले की पुढचे सांगता येते, हा त्याचा पाया. इथे सगळे सांगूनही दोन उत्तरे. यापेक्षा फाट्यांचे विश्व परवडले. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये प्राध्यापक गायतोंडे अशा जगात पोचतात जिथे पानिपत मराठ्यांनी जिंकले आहे. जगे दोन असतील तर ना व्याघात, ना कोणी न लिहिलेली वही. वही दुसऱ्या जगातल्या कुणा विल्सनने घाम गाळून लिहिली आणि ती या जगात आली, इतके साधे. भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड डॉइच यांनी याच वाटेने, अनेक विश्वांच्या आधारे, कालप्रवासाचे पेच सोडवायचा प्रयत्न केला आहे.

चाहता : परवडते, पण मग वर्तुळ उरतच नाही, आणि ‘डार्क’ किंवा हाइनलाइन पाहणाऱ्या-वाचणाऱ्याला जे कळून घ्यायचे आहे तेही उरत नाही. एकाच जगात राहायचे तर क्लिंकहॅमर आणि थॉर्न यांनी सुचवलेली वाट आहे : क्वांटम सिद्धान्ताने प्रत्येक उत्तराची संभाव्यता काढायची. चेंडू सरळ जाण्याची शक्यता इतकी, स्वतःला ढकलण्याची इतकी. भाकीत परत मिळते, फक्त संभाव्यतेच्या रूपात.

शंकेखोर : ती वाट वहीला लावून पाहावी. खऱ्या शब्दकोशाचे वर्तुळ सुसंगत आहे, हे मान्य. पण विल्सनला वही दिसलीच नाही, हेही तितकेच सुसंगत आहे. डिक्टरने ती कुलपात ठेवली, विल्सनचा हात पोचला नाही, दार एक क्षण आधी मिटले, तो पहिल्याच झटापटीत डोके आपटून पडला : अशा हजारो कथा जुळतात, आणि त्यांच्यात कोणाला शेकडो शब्द कुठूनही आयते मिळत नाहीत. सुसंगतीची अट चुकीच्या वह्या बाद करते, वही नसलेल्या कथा बाद करीत नाही. संभाव्यता मोजली तर पारडे बहुधा त्या साध्या कथांकडेच झुकेल. मग पडताळणीने शब्द बरोबर निघाले हे उत्तर, वही होती असे आधी धरल्यावरच लागू पडते. ती होतीच का, याला ते हात लावत नाही.

चाहता : शब्द बरोबर का, हा एक प्रश्न आणि वही आहेच का, हा दुसरा, ही फोड मान्य करावी लागते. पहिल्याचे उत्तर वर्तुळाच्या आतून देता येते. दुसऱ्याचे उत्तर कथेत लेखक देतो, कारण वही असलेली कथा त्याला सांगायची असते. चेंडूंच्या हिशेबात ते काम संभाव्यतेकडे जाते, आणि शेकडो बरोबर शब्दांच्या वहीला ती संभाव्यता किती देईल हे कोणी मोजलेले नाही. ती अत्यल्प निघाली तरी शून्यच निघेल, असे सिद्ध करणारी युक्ती मात्र अजून पुढे आलेली नाही.